भिशीतला शेवटचा नंबर काय गमावतो

दावा असा फिरतोय: "भिशी म्हणजे बिनव्याजी कर्ज आणि बिनधोक बचत एकाच ठिकाणी. जेवढं भरता तेवढं पुरेपूर परत मिळतं, नुकसान कुणाचंच होत नाही. बँक चार पैसे व्याज देते, पण ओळखीची माणसं बँकेपेक्षा खात्रीची. शिवाय बचतीची शिस्त लागते ती वेगळीच."

बारा जणांची भिशी धरू. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाने १००० द्यायचे आणि ज्याचा नंबर असेल त्याने त्याच दिवशी १२,००० उचलायचे. वर्ष संपतं तेव्हा प्रत्येकाने १२,००० भरलेले असतात आणि प्रत्येकाला १२,००० मिळालेले असतात. बेरीज चोख आहे, म्हणून दावाही पटतो. या बेरजेत फक्त तारखा धरलेल्या नाहीत.

पहिल्या नंबरवाल्याने पहिल्याच दिवशी स्वतःचे १००० टाकून १२,००० उचलले. म्हणजे बाकीच्यांचे ११,००० त्याच्याकडे आले आणि ते तो पुढचे अकरा महिने हजार-हजार करून फेडणार. बारावा नंबर लागलेला माणूस बरोबर उलट्या टोकाला असतो. अकरा महिने तो नुसता देत राहतो, आणि त्याची इतरांकडे अडकलेली रक्कम एक हजारापासून वाढत अकरा हजारांवर जाते. हेच हप्ते त्याने वर्षाला ६ टक्के व्याज देणाऱ्या आवर्ती ठेवीत भरले असते, तर बाराव्या हप्त्याच्या दिवसापर्यंत साधारण ३३० व्याज जमलं असतं. आणि पहिल्या माणसाने भिशीऐवजी त्याच दराने ११,००० कर्ज काढून अकरा हप्त्यांत फेडलं असतं, तर त्यालाही व्याज साधारण ३३०च पडलं असतं. दोन्ही आकडे सारखे येतात, कारण पैसा तोच आहे. व्याज कुठेही गेलेलं नाही. मागच्या नंबरवाल्यांनी ते पुढच्यांना सोडलं आहे. सहावा आणि सातवा नंबर जवळपास बरोबरीत सुटतात, सहाव्याला तीसेक मिळतात आणि सातव्याचे तेवढेच जातात.

इथे भिशीच्या बाजूने एक गोष्ट मनापासून मान्य करायला हवी. पहिल्या माणसाला बाहेर ६ टक्क्यांनी कर्ज मिळतच नसेल आणि सावकार महिन्याला २ टक्के मागत असेल, तर त्याचे ३३० नाही, १३२० वाचतात. शेवटच्याचे ३३० जातात आणि पहिल्याचे १३२० वाचतात, म्हणजे सगळ्यांचं मिळून गटाच्या पदरात काहीतरी खरोखर पडतं. ज्यांना स्वस्त कर्ज मिळत नाही अशा लोकांत भिशी का टिकते, त्याचं उत्तर इथे आहे. बेस्ली, कोट आणि लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये भिशीचं गणित मांडलं तेव्हा त्याच्या मुळाशी अशीच एक साधी गोष्ट होती. एकट्याने डब्यात पैसे साठवले तर एखादी मोठी वस्तू घ्यायला प्रत्येकाला बारा महिने लागतील. भिशीत शेवटचा सोडून सगळ्यांना ती त्याआधी मिळते, आणि शेवटच्यालाही डब्यापेक्षा उशिरा मिळत नाही. सरासरी काढली तर साडेसहावा महिना येतो.

म्हणजे तुलना डब्याशी असेल तर कुणाचंच नुकसान नाही, हे खरं. तुलना व्याज देणाऱ्या खात्याशी असेल तर निम्मे लोक थोडं थोडं गमावतात. हे चालण्यासारखं असतं, पण नंबर दर फेरीला चिठ्ठ्या टाकून ठरत असतील तरच. दोन-चार वर्षांत एकाचं पुढे, एकाचं मागे होऊन हिशेब बराचसा जुळतो. मी अशा भिश्या पाहिल्या आहेत जिथे चिठ्ठी नसतेच. ज्याचा आवाज मोठा त्याला पुढचा नंबर, आणि "तुला काय घाई आहे?" असं म्हणत दर वर्षी त्याच एका मवाळ बाईला शेवटचा. ती दर वर्षी बाकीच्यांना बिनव्याजी पैसे पुरवते आणि वर तिलाच सांगितलं जातं की तुझं काही गेलं नाही.

व्याजाचा प्रश्न तसा किरकोळ आहे. खरा घोर सुरक्षिततेचा आहे, आणि "बिनधोक" हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो तो त्यामुळे.

समजा, हीच भिशी सातव्या महिन्यानंतर मोडली. कारण काहीही असो, आठव्या महिन्यात कुणी पैसे दिले नाहीत. तोवर सात जणांनी भिशी उचलली आहे. त्यांनी प्रत्येकी ७००० भरले आणि १२,००० घेतले, म्हणजे प्रत्येकाकडे ५००० जास्तीचे आहेत. सात जणांचे मिळून ३५,०००. उरलेल्या पाच जणांनी प्रत्येकी ७००० भरले आणि हातात काहीच आलं नाही. पाच साते ३५,०००. बँक बुडते तेव्हा पैसा वाईट कर्जांत गेलेला असतो आणि तो शोधावा लागतो. भिशी मोडते तेव्हा पैसा कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं: त्याच इमारतीत, त्याच कचेरीत, सात ओळखीच्या माणसांकडे. तरीही तो परत मिळत नाही, कारण तो मागायचा कशाच्या आधारावर हे कुठे लिहिलेलं नसतं.

पूर्ण मोडायचीही गरज नाही. तिसरा नंबर घेतलेल्या एकाच माणसाने सातव्या हप्त्यानंतर देणं थांबवलं, तर आठव्यापासून बाराव्यापर्यंत पाच जणांच्या हातात बाराऐवजी अकरा हजार पडतात. आधी उचललेल्यांना याची काही झळ नाही. आणि पुढचा धोका इथेच सुरू होतो, कारण पाचव्या नंबरवालाही हे पाहत असतो. त्याची भिशी झालेली आहे, पुढचा प्रत्येक हप्ता त्याच्यासाठी निव्वळ देणं आहे, आणि न देणाऱ्याचं काही बिघडलेलं नाही हे त्याला दिसतंय. भिशीत उचलल्यानंतर माणसाला बांधून ठेवतं ते फक्त तोंड दाखवण्याची लाज आणि पुढच्या फेरीत घेणार नाहीत ही भीती. ज्याला घर बदलायचं आहे किंवा नोकरी सोडायची आहे त्याच्यावर या दोन्हींचा जोर कमी होतो. म्हणून जाणते गट नव्या माणसाला शेवटचे नंबर देतात आणि जुन्या, न चुकणाऱ्याला पुढचे.

ओळखीची माणसं खात्रीची, हे एका अर्थाने बरोबर आहे. कोण उधळा, कोण अडचणीत, हे शेजाऱ्याला बँकेपेक्षा आधी कळतं. पण ओळखीच्या माणसांची अडचण अशी की त्यांच्यावर संकटही एकत्र येतं. एकाच कचेरीतल्या बारा जणांची भिशी असेल आणि पगार दोन महिने रखडला, तर बाराही जण एकाच वेळी हप्ता चुकवणार. कुणाचीही नियत वाईट नसताना भिशी बसते. बँकेत हजारो अनोळखी लोकांच्या ठेवी असतात, त्यामुळे त्यातल्या काहींच्या अडचणीने तुमची ठेव हलत नाही. शिवाय अनेक देशांत ठरावीक मर्यादेपर्यंत ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. भिशीला तसं कुणी मागे उभं नसतं. फार तर भिशी चालवणारा असतो. काही ठिकाणी पहिला नंबर त्याला देतात आणि बदल्यात कुणाचा हप्ता चुकला तर तो त्याने भरायचा असं ठरतं. हा सौदा रास्त आहे, पण तो बोलून आणि लिहून झालेला असावा. पहिला नंबर घ्यायचा आणि हप्ता चुकला की खांदे उडवायचे, हे मी खपवून घेणार नाही.

चालवणाऱ्याबद्दल आणखी एक. खऱ्या भिशीत पैसा मुक्काम करत नाही; गोळा झाला त्याच दिवशी दिला जातो. "परवा देतो", "सगळ्यांचे आले नाहीत अजून" हे दोनदा ऐकू आलं, तर थांबून विचारावं. एकच माणूस चार-पाच भिश्या चालवत असेल तर बहुतेकदा एकीची तूट दुसरीच्या पैशाने भरली जाते, आणि एक अडकली की सगळ्या अडकतात. आणि भरलेल्यापेक्षा ठरलेलं जास्त परत मिळेल असं कुणी सांगत असेल, तर ती भिशी राहिलेली नाही. आळीपाळीच्या पैशात जास्तीचा पैसा येणार कुठून?

लिलावाची भिशी हा याला अपवाद वाटतो, पण तिथेही जास्तीचा पैसा सभासदांकडूनच येतो. ज्याला गरज आहे तो १२,००० ऐवजी १०,२०० घ्यायला तयार होतो आणि सुटलेले १८०० सगळ्यांत वाटले जातात. यात शेवटच्याला व्याज मिळतं, हे चांगलंच आहे. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच कुणी फार मोठी बोली लावत असेल, तर तो माणूस अडचणीत आहे आणि पुढचे हप्ते त्याला जड जाणार, हे ओळखावं.

शिस्तीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिस्त लावतो, पण ती ठेव वाईट दिवशी मोडताही येते. भिशीतून मध्येच हात काढता येत नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही त्या पैशाला हात लावता येत नाही. केनियात नैरोबीच्या किबेरा वस्तीत झालेल्या एका अभ्यासात भिशीत बायका जास्त का असतात याचं एक कारण असंच पुढे आलं: नवऱ्याच्या हाती लागण्याआधी पैसा घराबाहेर जातो. ही सोय आवर्ती ठेवीत क्वचितच मिळते. मात्र हीच गोष्ट आजारपणात उलटते. ठेव मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं. भिशीत दुसऱ्याने नंबर बदलून दिला तरच पैसे हाती येतात. चांगल्या गटात देतातही, पण तो त्यांचा चांगुलपणा, तुमचा हक्क नव्हे.

म्हणून माझं मत असं: ठरलेल्या खर्चासाठी, वर्षाच्या आत संपणारी, दहा-बारा जणांची भिशी जरूर लावा. आणीबाणीचा पैसा आणि म्हातारपणाचा पैसा तिच्यात घालू नका. सुरू करताना एका कागदावर सगळ्यांच्या सह्यांनी हे लिहून घ्या: नंबर कसे ठरले, कुणाचा हप्ता चुकला तर कोण भरणार, आणि भिशी मध्येच थांबली तर उचललेल्याने घेतलेल्या रकमेतून भरलेली वजा करून उरलेले पैसे न उचललेल्यांना किती दिवसांत द्यायचे. वरच्या उदाहरणात त्या शेवटच्या कलमामुळे सात जणांना प्रत्येकी ५००० परत करावे लागले असते, आणि पाच जणांना त्यांचे ७००० मिळाले असते.