ऑडिशनला रडायला लावू नका

आमच्या नौपाड्यातली काही मंडळी मिळून रीडेव्हलपमेंटवर एक शॉर्ट फिल्म करतोय. ऑडिशनचे सीन लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिली सूचना अर्थातच, "क्लायमॅक्सचा सीन दे, कोण किती रडतंय ते कळेल." मी साफ नाही म्हटलं.

हौशी माणसाला रडायचा सीन दिला की तो रडण्याच्याच मागे लागतो. समोरचा काय बोलतोय ते त्याला ऐकूच येत नाही. त्यात आपल्याकडचे बरेचसे एकांकिकांमधून आलेले. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय, आणि कॅमेरा असतो चार फुटांवर. म्हणून मी हा सीन दिला. आई मेथी निवडतेय, मुलगा संमतीपत्र घेऊन येतो.

मुलगा : आई, इथे सही कर.
आई : चष्मा कुठे ठेवला मी?
मुलगा : डोक्यावर आहे.
आई : ही मेथी कुठून आणलीस? पानं पिवळी पडलीत.
मुलगा : सगळ्यांनी केलीय. आपलीच राहिलीय.
आई : बस. चहा टाकते.

एवढंच. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं, पाठ करायची गरज नाही. "मला सही करायची नाही" हे आई कुठेच म्हणत नाही, ते हातातल्या जुडीतून दिसायला हवं. खरी मेथी ठेवायची हं, हात रिकामे असले की नवखा माणूस हातवारे करतो.

एकदा करून झालं की निवाडा करायचा नाही. एकच बदल सांगायचा : "आता तुम्हाला सही करायचीय, फक्त त्याने अजून थोडा वेळ बसावं असं वाटतंय." वाक्यं तीच. ज्या बाईंचा "बस" दुसऱ्या वेळी वेगळा येतो, त्यांच्याबरोबर काम करता येतं. पहिल्या वेळी टाळ्या घेणारे अनेकदा दुसऱ्यांदाही हुबेहूब तेच करतात, आणि सेटवर तीच पंचाईत होते.

जाहिरातीवरूनही वाद झाला. "सुवर्णसंधी" वगैरे खोडून मी हे लिहिलं :

"आई : दिसायला साठीच्या आसपास. मुलगा : तिशीतला. अनुभवाची अट नाही. शूटिंग दोन रविवार, सकाळी सात ते संध्याकाळी सात, नौपाड्यातच. मानधन नाही. जेवण, चहा आणि रिक्षाभाडं आमच्याकडून. नोंदणी फी नाही. ऑडिशनचं रेकॉर्डिंग निवडीपुरतंच, कुठेही टाकणार नाही."

"मानधन नाही असं आधीच लिहिलं तर कोण येणार?" असं एकाने विचारलं. कमी येतील, येऊ देत. शूटिंगच्या आदल्या रात्री फोनवर हे कळून आई गळाली, तर आयत्या वेळी दुसरी कुठून आणणार? आणि "दिसायला" हा शब्द मुद्दाम ठेवलाय. पन्नाशीची बाई साठीची दिसत असेल तर तिचं आधार कार्ड बघून मला काय करायचंय?

आता एकच हट्ट उरलाय. समोरून मुलाची वाक्यं सगळ्यांसाठी एकाच माणसाने वाचायची, आणि सपाट वाचायची. आमच्या दिग्दर्शकाला ती स्वतः वाचायचीत. तो फार छान वाचतो, म्हणूनच नको.