‘करावे’ कुठे पुरते आणि कुठे नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

मशीनच्या इंग्रजी मॅन्युअलचं मराठी करताना ‘मस्ट’ म्हणजे सक्ती आणि ‘शुड’ म्हणजे शिफारस, या दोन्हींसाठी सरसकट ‘करावे’ लिहू नका, असं मी म्हटलं होतं. त्यावर आलेली वाचकाची प्रतिक्रिया: “लूमच्या मॅन्युअलमध्ये सगळीकडे ‘करावे’ लिहिलं तर काय बिघडतं? शासन निर्णयात तेच असतं आणि लोक पाळतातच की. तुमचं ‘केल्याशिवाय हात घालू नका’ म्हणजे कामगाराला दम दिल्यासारखं वाटतं. शिवाय सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यांत निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात, त्यांना हे बारकावे काय कळणार?”

साहेब, शासन निर्णयातलं ‘कार्यवाही करावी’ पाळलं जातं, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यावर वरिष्ठ बसलेला असतो. तिथे जोर खुर्चीचा असतो. पॅनेल उघडणाऱ्या वायरमनच्या शेजारी कुणी उभं नसतं, म्हणून तो जोर वाक्यातच भरावा लागतो. कायद्याच्या मराठीनेही सक्तीसाठी ‘करावे’वर भिस्त ठेवलेली नाही. अधिनियमात ‘राज्य शासन नियुक्ती करील’ असा भविष्यकाळ येतो. मशीनच्या पुस्तकात मात्र तो विचित्र वाटेल, तेव्हा तो मार्ग आपल्या कामाचा नाही.

टॉवेल लूमला मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह बसवलेला असतो, त्याच्या पॅनेलचंच उदाहरण घेऊ. मूळ इंग्रजीत दोन कामं ‘मस्ट’ने सांगितली आहेत: मुख्य स्विच बंद करून कुलूप लावणं आणि ५ मिनिटं थांबून व्होल्टेज तपासणं. तिसरं, हीटसिंकची धूळ महिन्यातून एकदा काढणं, हे ‘शुड’ने आहे. भाषांतर असं झालं: “मुख्य स्विच बंद करून ५ मिनिटे थांबावे. व्होल्टेज तपासावे. हीटसिंक महिन्यातून एकदा साफ करावी.” तिन्ही वाक्यांना एकच शेपूट, मग वाचणाराही तिन्ही कामं एकाच पारड्यात टाकतो. धूळ काढायची राहिली तर ड्राइव्ह तापून ट्रिप होईल, फार तर पाळी बुडेल. ५ मिनिटं थांबला नाही, तर स्विच बंद असूनही माणूस मरू शकतो. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरवर सुमारे ५८५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि ते उतरायला वेळ लागतो.

खरी गुंतागुंत पुढे आहे. हीटसिंक साफ करणं ऐच्छिक असलं, तरी ती साफ करताना वीज बंद करणं ऐच्छिक नाही. “मुख्य स्विच बंद करून हीटसिंक साफ करावी” असं एकाच वाक्यात लिहिलं, की शेवटची ‘करावी’ स्विचलाही सैल करून टाकते. म्हणून वाक्य तोडायचं आणि सक्तीचं आधी ठेवायचं:

“मुख्य स्विच बंद करून, कुलूप घालूनच पॅनेल उघडा. चावी स्वतःजवळ ठेवा. किमान ५ मिनिटे थांबा. मीटर डीसीवर ठेवून मोजा. व्होल्टेज ६० च्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका.”

“हीटसिंकवरची धूळ शक्यतो महिन्यातून एकदा काढा. धूळ काढतानाही वरच्या सर्व पायऱ्या पाळायच्याच आहेत.”

५ मिनिटं आणि ६० व्होल्ट हे आकडे मूळ मॅन्युअलमधून जसेच्या तसे उचलायचे. ड्राइव्ह मोठा असेल तर थांबायची वेळही वाढते. ‘डीसीवर’ हा शब्दही गाळायचा नाही. मीटर एसीवर राहिला तर साठलेला दाब असूनही आकडा जवळजवळ शून्य दिसू शकतो.

दम दिल्याचं म्हणाल, तर सगळीकडे ‘च’ लावणं हीसुद्धा चूकच आहे. धूळ काढण्यालाही ‘काढलीच पाहिजे’ म्हटलं, की कामाच्या रेट्यात ती दोन महिने राहते, काहीच होत नाही आणि कामगार पुढच्या ‘च’वरचाही विश्वास सोडतो. नुसतं ‘पाहिजे’ तर दोन्हीकडे चालतं, त्यामुळे एकटं वापरू नये. मनाईचंही तसंच आहे. ‘मशीन चालू असताना गार्ड काढू नये’ हे ‘रात्री दही खाऊ नये’ या चालीवर वाचलं जातं. तिथे ‘काढू नका’ लिहा. आणि ‘उघडलेच पाहिजे असे नाही’ हे मनाईसाठी कधीच वापरू नका, कारण त्याचा अर्थ ‘उघडायची गरज नाही’ असा होतो. उघडलं तरी चालतं.

तेलुगू बोलणाऱ्यांचा तुमचा मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे. ‘करावे’ आणि ‘करावेच’ यातला फरक त्यांच्या कानावरून निसटू शकतो. ‘बंद करा’, ‘थांबा’, ‘घालू नका’ मात्र निसटत नाही. पडताळा हवा असेल तर छापण्याआधी वाक्यं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या फिटरला त्यांचे ‘नाही केलं तर चालेल’ आणि ‘चालणार नाही’ असे दोन गठ्ठे करायला सांगा. गठ्ठे मूळ इंग्रजीशी जुळले नाहीत, तर चुकीच्या गठ्ठ्यात गेलेली वाक्यं पुन्हा लिहा. फिटरला समजावत बसू नका.