बंड्याची पोच: तू, तुम्ही की आपण?

यंदा आंब्याच्या हंगामात बंड्यानं व्हॉट्सॲपवर आपोआप जाणारं उत्तर लावलं. तो बागेत असतो, नाहीतर पेट्या भरत असतो, फोन उचलायला सवड नसते. म्हणून निदान पोच तरी जावी. उत्तर असं होतं:

"प्रिय ताई/दादा, आपली ऑर्डर मिळाली, धन्यवाद. तुम्ही पत्ता पाठवावे. रक्कम आपल्या खात्यात जमा करावी. मी लवकरच कळवतो."

देवगडच्या एसटी स्टँडजवळ आमचा जो कट्टा आहे, तिथं त्यानं हे वाचून दाखवलं, कारण एका गिऱ्हाइकानं उलट विचारलं होतं, "माझ्याच खात्यात जमा करू म्हणता? मग आंबे फुकट का?"

हसून झाल्यावर गुरुजी म्हणाले, "त्याचं चुकलं नाही. वाक्यात करणारा जो असतो, 'आपला' त्याचा. जमा करणारं गिऱ्हाईक, म्हणजे खातं गिऱ्हाइकाचंच. तुला 'आमच्या' म्हणायचं होतं."

"मी मान द्यायला आपल्या लिहिलं," बंड्या म्हणाला.

वाद इथून सुरू झाला आणि चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत चालला. प्रश्न दिसायला सोपा. समोरचा कोण आहे ते ठाऊक नाही. ऐंशीचे आजोबा असतील, कॉलेजातली पोरगी असेल, मुंबईचा एखादा साहेब असेल, किंवा बंड्याची आत्या. ते उत्तर फक्त नव्या माणसालाच जातं असंही नाही. ज्याच्याशी 14 दिवस काही बोलणं झालेलं नाही, त्यालाही ते पुन्हा जातं. म्हणजे दरवर्षी पेटी नेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकालाही पहिला रामराम हाच. मग त्याला काय म्हणायचं?

गुरुजी 'आपण'च्या बाजूचे. आयुष्यभर मराठी शिकवलेलं, पत्र लिहायचं तर 'आपण'नंच, असा त्यांचा दंडक. लग्नपत्रिकेत कुणी "तुम्ही यावं" छापतं का, हा त्यांचा सवाल.

नीलू कुरिअरच्या दुकानात काउंटरवर बसते. ती म्हणाली, "गुरुजी, पत्रिकेत चालतं, कारण तिथं वाटणी करायची नसते. इथं बाग आहे, पेटी आहे, पैसे आहेत, पत्ता आहे. काही त्याचं, काही आपलं. आता मी 'आपलं' म्हटलं ते कुणाचं?"

यात खरी मेख आहे. मराठीत 'आपण' म्हणजे समोरच्याला आदरानं, आणि 'आपण' म्हणजे तू-मी मिळून सगळे. "आपण पत्ता पाठवाल" आणि "आपण पत्ता पाठवू" यांत फरक कळतो, कारण क्रियापदाचं शेपूट सांगतं. 'आपला', 'आपल्या' यांना असं कुणी वाचवायला येत नाही. "आपली पेटी शुक्रवारी निघेल." कुणाची? "आपल्या बागेतला आंबा." बंड्याचा की माझा? बोलताना हात करून दाखवता येतं, लिहिलेल्यात ती सोय नाही. म्हणून जिथं दोघांच्या वस्तू एकाच वाक्यात येतात, तिथं 'तुमचा' आणि 'आमचा' एवढे दोनच शब्द वापरावेत, असं माझं तरी मत झालं. गुरुजींनी मान हलवली, पण होकार दिला नाही.

तेवढ्यात आबा. उभं आयुष्य ट्रॉलरवर गेलेलं, कट्ट्यावर सगळ्यांना एकच सर्वनाम. "मेल्या, आपण म्हटलास काय माका कचेरीत गेल्यासारखा वाटता. गाराण्यात देवाक सुद्धा आमी तू म्हणतंव, मगे गिऱ्हाइकाक कित्याक नाय?"

आबांचं खोटं नाही. आमच्याकडे गाऱ्हाणं घालताना "बा देवा म्हाराजा" म्हणून हाक मारतात आणि पुढं सगळं 'तू'. घरात आजीलाही 'तू', आईलाही 'तू', आणि त्यात अनादर नसतो. पण देव ओळखीचा आहे, आजीही. ठाण्याच्या कुण्या अनोळखी बाईंना "तुझा निरोप मिळाला" गेला तर त्या फोन आपटतील, आणि आबांची माया त्यांना कोण समजावणार?

नीलूनं 'तू'विरुद्ध आणखी एक गोष्ट काढली, ती मला आधी सुचली नव्हती. 'तू' म्हटलं की बाई की बाप्या हेही सांगावं लागतं. "तू विचारतोस" की "विचारतेस"? "तू आलास" की "आलीस"? व्हॉट्सॲपवर नुसतं एक अक्षर नाव असतं आणि फोटोत गणपती. तिथं काय लिहिणार? 'तुम्ही'ला हा त्रास नाही. "तुम्ही विचारता", "तुम्ही आलात" दोघांनाही तेच. माणूस एक असो की अख्खं कुटुंब असो, तरीही तेच. वय माहीत नाही, लिंग माहीत नाही, किती जण आहेत तेही माहीत नाही, आणि 'तुम्ही' या तिन्हींवर मुकाट पांघरूण घालतं.

"आणि स्वतःचंही बघ," ती बंड्याला म्हणाली. "तू लिहिलंस 'मी कळवतो'. दुपारी फोन वहिनींकडे असतो, त्या लिहितात 'कळवते'. माणूस विचारात पडतो की बोलतंय कोण. 'कळवू' लिही, आम्ही कळवू. दोघांनाही लागू."

मग मायन्याची पाळी आली. 'ताई/दादा' मधली ती तिरकी रेघ सगळ्यांनाच खटकली. तिच्यातून एवढंच कळतं की तू कोण ते मला ठाऊक नाही, दोन्ही ठेवलंय, तूच निवड. काका-काकू तर त्याहून वाईट. नीलू म्हणाली, "काउंटरवर 'तुम्ही' म्हटलं म्हणून कुणी रागावलेलं मी पाहिलं नाही. 'काकू' म्हटल्यावर मात्र पस्तिशीच्या बाईनं माझ्याकडे असं बघितलं की पावती फाडताना माझा हात थरथरला." श्री., सौ., श्रीमती यांना आणखी माहिती लागते, आणि सौ.साठी तर लग्नाचीही चौकशी. 'साहेब' बाईला जात नाही. नावापुढं 'जी' लावणं हल्ली बरंच दिसतं, गुरुजींना ते हिंदीचं वाटतं, आणि इथं मी त्यांच्याच बाजूचा. शेवटी 'नमस्कार' आणि पूर्णविराम. हाक मारायचीच नाही. माणसानं स्वतः निरोप पाठवलाय, त्याचं लक्ष वेधून घ्यायची गरजच काय?

गुरुजी हटले नाहीत. सर्वनामच काढून टाका, म्हणाले, आणि लगेच सांगितलंही: "निरोपाची नोंद घेण्यात आली आहे. पत्ता कळवावा." वय नाही, लिंग नाही, तू नाही, आपण नाही. आबा म्हणाले, "सातबारो मिळात काय ह्याच्यात?"

खरंच, मान राहतो पण माणूस जातो. शिवाय 'कळवावा'त एक खड्डा आहे, आणि बंड्या नेमका त्यात पडला होता. हे रूप वस्तूप्रमाणे बदलतं: पत्ता कळवावा, तारीख कळवावी, नाव कळवावं. "तुम्ही पत्ता पाठवावे" हे त्याचं वाक्य तिथंच घसरलं. पत्ता, तारीख आणि पेट्या एका ओळीत मागायच्या झाल्या तर कशाशी जुळवायचं, यावर भले भले अडतात. 'कळवा', 'पाठवा' म्हटलं की काहीच जुळवावं लागत नाही. 'तुम्ही'चं आज्ञार्थ रूप आहे, त्यात मान आहेच. फार तर एकदा 'कृपया' लावा. दर वाक्याला लावला की विनवणी वाटते.

गुरुजींची युक्ती एका जागी मात्र अगदी चपखल बसते, ती म्हणजे पेटीवरची चिठ्ठी. तिथं नाव छापायचं असतं, आणि मराठीत नावाला प्रत्यय लागला की नाव बदलायची भीती. नीलूच्या दुकानात 'यांची', 'यांना' वापरतात. नाव जसंच्या तसं, मग जागा सोडून "यांची पेटी". नावाला धक्का नाही, आदर आहे, आणि बाई की पुरुष याचा पत्ता नाही. पण हे तिसऱ्या माणसाबद्दल बोलणं झालं. तोंडावर बोलताना "अमुक यांचा निरोप मिळाला" म्हटलं तर तो मागं वळून बघेल.

बंड्याच्या पोचेत 'धन्यवाद' आणि 'ऑर्डर' हे शब्दही होते, आणि हे वयाच्या प्रश्नाइतकंच नाजूक निघालं. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलानं लिहिलं होतं की बाबा गेले, यंदा पेटी नको. त्याला उत्तर गेलं, "आपली ऑर्डर मिळाली, धन्यवाद." बंड्यानं हे सांगितलं तेव्हा कट्टा गप्प झाला. समोरचा कोण हे जसं ठाऊक नसतं, तसं तो काय लिहिणार हेही ठाऊक नसतं. भाव विचारेल, तक्रार करेल, वाईट बातमी देईल. सगळ्यांना चालेल असं एकच वाक्य सापडलं: "तुमचा निरोप मिळाला."

आता एक माणूस उरला, पोचेला परत उत्तर देणारा. एखादे आजोबा लिहितात, "बाळा, कधी पाठवतोस?" त्यांनी 'तू' म्हटलं म्हणून बंड्यानं 'तू' म्हणायचं नाही, त्यानं 'तुम्ही'च ठेवायचं. शाळेतलं पोरगं "दादा, पेटी केवढ्याला?" विचारत असेल तर बंड्यानं हवं तर 'तू'वर यावं, नाही आला तरी पोराचं काही बिघडत नाही. 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरलं तर जवळीक वाटते. 'तू'वरून 'तुम्ही'वर चढायचं म्हणजे आधी माफी मागावी लागते. ओळख नसताना वरच्या पायरीवर उभं राहण्याचं कारण एवढंच. मध्येच पायरी बदलायची नाही, हे त्याहून महत्त्वाचं. बंड्याच्या चार वाक्यांत 'आपली', 'तुम्ही', 'आपल्या' अशी ये-जा होती. वाचणाऱ्याला व्याकरण येत नसलं तरी हे कानाला कळतं, जणू दोघांनी आळीपाळीनं लिहिलंय.

शेवटी कट्ट्यानं लिहिलेली पोच अशी:

"नमस्कार. तुमचा निरोप मिळाला. दिवसभर बागेत असल्यामुळे उत्तराला उशीर होईल, संध्याकाळी सातनंतर फोन करू. पेटी हवी असेल तर पूर्ण पत्ता, पिनकोड आणि किती पेट्या हव्यात ते पाठवा. पैसे आत्ता पाठवू नका."

आबांनी दोनदा वाचून घेतली. म्हणाले, "ही चलात. आतेक पण चलात."

गुरुजींनी 'हव्यात' खोडून 'हव्या आहेत' करायला सांगितलं, लेखी मराठी आहे म्हणून. बंड्यानं केलं. मी म्हणत होतो राहू दे, फोनवर वाचायचंय, बोलल्यासारखं असलं तर काय बिघडलं. नीलूनंही माझीच री ओढली. तेव्हा गुरुजी म्हणाले की मग 'असल्यामुळे'चं 'असल्यामुळं' करा, म्हणजे सगळंच बोलीत. त्यावर उद्या बोलायचं ठरलंय.