स्टिकर देवगडचा, आंबा कुठला?

“आता प्रत्येक हापूसवर क्यूआर कोड! मोबाइलने स्कॅन करा, बागायतदाराचं नाव दिसेल. कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपवणं अशक्य. विषमुक्त आंब्याची खात्री, दलालांची सुट्टी, पैसा थेट शेतकऱ्याच्या खिशात. पुढे पाठवा!”

असा संदेश सध्या मोबाइलवर फिरतोय. नाव दिसतं, हे खरंच. पण क्यूआर म्हणजे चौकटीत छापलेला मजकूर, बहुतेक वेळा एखाद्या वेबपानाचा पत्ता. त्याचा फोटो काढून शंभर प्रती छापा, शंभरही प्रती त्याच बागेचं तेच पान उघडतील. मोबाइल वाचतो तो कागद, आंबा नव्हे. कोड फळाऐवजी पेटीवर असेल तर छापायचीही गरज नाही. ‘देवगड’ छापलेली रिकामी पेटी परत भरता येते, आणि तशी ती भरली जाते हे बाजारात वावरणाऱ्या कुणालाही नवीन नाही.

घरी एक साधी तपासणी करता येते. एकाच पेटीतले दोन आंबे स्कॅन करा. दोन्हींवर एकच क्रमांक आला, तर तो कोड बागेचं व्हिजिटिंग कार्ड आहे. छान दिसतो, फोटोही सुंदर असतात, पण हातातल्या फळाबद्दल तो काही सांगत नाही. क्रमांक वेगळे आले, तर हा क्रमांक आधी कुणी तपासला होता का, हे ती यंत्रणा सांगते का ते पाहा. सांगत नसेल तर वेगळ्या क्रमांकाचाही फारसा उपयोग नाही.

देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025च्या हंगामात आणलेलं स्टिकर या बाबतीत हुशार आहे. कोडचा एक भाग वर दिसतो आणि दुसरा स्टिकर फाडल्यावरच कळतो. दुकानातल्या आंब्याचा फोटो काढून नक्कल छापणाऱ्याला आतला भाग मिळत नाही, आणि एकदा फाडलेलं स्टिकर दुसऱ्या फळावर चिकटवता येत नाही. नकलेवरचा हा चांगला इलाज आहे. पण खरं स्टिकर खोट्या आंब्यावर लागलं तर?

इथे प्रश्न तंत्रज्ञानाचा राहत नाही, मोजणीचा होतो. संस्था स्टिकर देते ती झाडांच्या हिशोबाने. समजा एका बागायतदाराकडे 200 फळणारी झाडं आहेत आणि झाडामागे सरासरी 100 फळं धरली, तर त्याला 20,000 स्टिकर मिळतील. हापूस मात्र सरासरीने येत नाही, वर्षाआड येतो. त्यात मोहोराच्या वेळी थंडी लांबली, तुडतुडा आला, मग फळगळ झाली, आणि हातात 8,000 आंबे पडले. उरलेली 12,000 स्टिकरं अस्सल आहेत, संस्थेने दिलेली आहेत, आतला-बाहेरचा कोड जुळतो. ती बाहेरून आणलेल्या फळांवर लागली, तर स्कॅन करणाऱ्या ग्राहकाला हिरवा कंदील मिळणार.

मग मोजणीचा उपयोग काय? खूप आहे, आणि माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत मोलाचं काम तेच आहे. स्टिकर नव्हतं तेव्हा ‘देवगड’ नावाला वरची मर्यादाच नव्हती. कितीही ट्रक आले तरी सगळे देवगडचेच. आता या बागायतदाराच्या नावावर खरे-खोटे मिळून 20,000ची सीमा पडली, आणि ती ओलांडायची तर कुणाला तरी आपल्या नावावरची स्टिकरं द्यावी लागतील. ही सीमा आणखी घट्ट करायची असेल तर मार्चमध्ये बागेत जाऊन फळांचा अंदाज घ्यायला हवा, स्टिकर टप्प्याटप्प्याने द्यायला हवीत आणि हंगामाअखेर न वापरलेली मोजून परत घ्यायला हवीत. हे काम पायांनी होतं, सर्व्हरने नाही. शिवाय कोकणात कितीतरी बागा करारावर दिलेल्या असतात. सातबारा एकाचा, फवारणी आणि तोडणी दुसऱ्याची. स्कॅन केल्यावर दिसणारं नाव यांतलं कुणाचं, हे विचारून पाहा.

(जाता जाता: 2018मध्ये हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाचही जिल्ह्यांना आहे. त्यामुळे नुसत्या मानांकनाच्या जीआय चिन्हावरून आंबा देवगडचा ठरत नाही.)

‘विषमुक्त’ हा शब्द त्या संदेशात कुठून आला, मला कळलं नाही. स्टिकर लागतं ते कच्च्या आंब्यावर, बागेत किंवा पॅकिंगच्या वेळी. आंबा पिकतो त्यानंतर, अनेकदा शहरातल्या गोदामात. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे, पण त्या खोलीत काय वापरलं हे बागेत चिकटवलेल्या कोडला कसं कळणार? अस्सल देवगडचा आंबाही कार्बाइडने पिकवता येतो.

फवारणीच्या अवशेषांबाबत तर आपल्याकडे धडा आधीच मिळालेला आहे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने 2006मध्ये ग्रेपनेट ही माग काढण्याची यंत्रणा सुरू केली. प्रत्येक प्लॉटची दरवर्षी नोंदणी, तोडणीआधी प्लॉटमधून प्रयोगशाळेचा नमुना, मग पॅकहाउस, मग कंटेनर. युरोपातल्या खोक्यावरून नाशिकच्या प्लॉटपर्यंत पोचता यायचं. आंब्याच्या स्टिकरपेक्षा कितीतरी पक्की साखळी. तरीही 2010मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं आणि माल अडकला. हेच शेतकऱ्यांचं लिहोसीन, वेलीची वाढ आवरून काडीत घड तयार व्हावेत म्हणून वापरलं जाणारं. साखळी कुठेही तुटली नव्हती. तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं, म्हणून नमुने पास होत गेले. ते यादीत आलं नंतर.

माग काढण्याची यंत्रणा ‘कुणाचं’ याचं उत्तर देते. ‘कसं’ याचं उत्तर प्रयोगशाळा देते, आणि तीही विचारलेल्या प्रश्नापुरतंच. एका प्लॉटमध्ये दोष सापडला तर तेवढाच माल बाजूला काढता येतो, बाकीच्यांचं नुकसान टळतं, हा ग्रेपनेटचा खरा फायदा. तेच रसायन सर्रास वापरलेलं असेल तर मात्र माग काढून सगळ्यांच्याच दारात पोचायचं.

राहिला पैसा. नक्कल पकडली गेली तर भौगोलिक मानांकनाच्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. पण झडती-जप्तीसाठी उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी लागतो, आणि त्याने आधी मानांकनाच्या निबंधकांचं मत घ्यायचं असतं. आंबा तोपर्यंत थांबत नाही. म्हणजे नकली माल बाजारातून झटकन हटेल आणि खऱ्याचा भाव चढेल, ही आशा लांबची आहे.

ज्या बागायतदारांना स्टिकरमुळे जास्त भाव मिळाला म्हणतात, त्यांच्याकडे नीट पाहिलं तर ते बहुधा पुण्या-मुंबईच्या घरांत थेट पेट्या पोचवणारे निघतात. त्यांचा भाव थेट विक्रीमुळे वाढलेला असतो. ग्राहकाचा विश्वास टिकवायला स्टिकरची मदत होते, पण गिऱ्हाईक शोधणं, पेटी पोचवणं, खराब फळ बदलून देणं हे त्यांनी स्वतः केलेलं असतं. ज्याचा आंबा वाशीला आडत्याकडे जातो, त्याचा भाव तिथे आकार, पक्वता आणि त्या दिवशीची आवक पाहून ठरतो. प्रत्येक फळावर स्टिकर चिकटवायची मजुरी मात्र त्याचीच. हंगामात आडत्याकडून येणाऱ्या हिशोबाच्या पट्टीवर पेट्या, दर, भाडं, हमाली, तोलाई असे रकाने असतात. स्टिकरचा रकाना मी अजून पाहिलेला नाही.