भांडणातील मध्यंतर

मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये भांडताना मुद्द्यांची टंचाई कधी भासत नाही, जागेची मात्र भासते. पाय आपटत निघून जावे, तर चौथ्या पावलाला फ्रीज आडवा येतो. दार आपटावे, तर शेजारच्या काकू 'काही पडलं का गं?' असे विचारत येतात. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे असल्यामुळे तिथे जाऊन रागावायचे झाले, तर आधी त्यांना कारण सांगावे लागते.

परवाचे कारण असे होते की, मे महिन्यात यांच्या मावशी सहकुटुंब आठ दिवस आमच्याकडे राहायला येणार आहेत, ही बातमी मला मावशींच्याच व्हॉट्सअ‍ॅप संदेशातून कळली. 'अहो, मला विचारलं का नाही?' या माझ्या साध्या प्रश्नाला 'तुझा भाऊ आला तेव्हा मला विचारलं होतंस?' असे उत्तर आले आणि तिथून आमची गाडी लग्नातील मानपानावरून थेट अलिबागच्या फिसकटलेल्या सहलीपर्यंत गेली. मध्येच हे म्हणाले, 'मावशीचं काय, ती उभ्यानेही झोपेल.' तो विनोद मला भयंकर झोंबला. मग हे गप्प झाले आणि टीव्हीच्या बंद पडद्याकडे एकटक पाहू लागले.

या गप्पपणाला मी अनेक वर्षे माज समजत असे. जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मात्र वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला बसवून त्यांच्या नाडीचे ठोके मोजले आणि त्यांना आढळले की, भिंतीसारखी थंड दिसणारी माणसे आतून बहुधा धडधडत असतात. ठोके मिनिटाला १०० च्या पुढे गेले की समोरच्याचे शब्द कानांवर पडतात, पण डोक्यात शिरत नाहीत. मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहत स्वतःचे मनगट धरले. पंधरा सेकंदांत २७ ठोके, म्हणजे मिनिटाला १०८. यांची नाडी तपासण्याची ती वेळ नव्हती.

'मी आत्ता थांबते. नऊ वाजता पुन्हा बसू,' असे म्हणून मी बाल्कनीत गेले. वेळ सांगणे फार महत्त्वाचे असते, कारण वेळ न सांगता उठून जाणे म्हणजे निव्वळ रुसवा, आणि मागे राहिलेला माणूस त्यावर आणखी तापतो. उतार पडायला किमान वीस मिनिटे लागतात, कारण रागाच्या भरात रक्तात मिसळलेली रसायने आपल्या सोयीने ओसरत नाहीत.

खरी परीक्षा या वीस मिनिटांतच असते. वाळत घातलेल्या चादरीआड बसून मी लसूण सोलायला घेतला. हात लसणात होते, पण डोके नऊ वाजता फेकायच्या वाक्यांना धार लावत होते, आणि त्यांतली दोन-तीन तर अप्रतिम होती. पुन्हा नाडी पाहिली, तर ती जिथल्या तिथे! भांडणाची मनातल्या मनात उजळणी करणे म्हणजे भांडत राहणेच. गॉटमन यांनी एका प्रयोगात उपकरणे नीट करायची आहेत असे सांगून जोडप्यांचा वाद मध्येच थांबवला, विषय काढायचा नाही अशी ताकीद देऊन अर्धा तास मासिके वाचायला लावली, आणि नंतर ती माणसे कमी ठोक्यांनिशी बरीच शहाण्यासारखी बोलली. मी लसूण बाजूला ठेवून वर्तमानपत्रातले शब्दकोडे घेतले. शब्दकोडे सोडवताना टोमणे रचता येत नाहीत, कारण दोन्हींना शब्द लागतात.

आपण निवलो की नाही, हे ओळखायची माझी खूण अशी की, समोरच्याची बाजू नाक न मुरडता मनात मांडता आली पाहिजे. ती मांडता यायला सव्वानऊ झाले. थांबायचे ज्याने सुचवले, त्यानेच परत बोलवायचे असते, म्हणून नऊलाच आत निरोप पाठवून मी पंधरा मिनिटे वाढवून घेतली होती आणि मग यांना हाक मारली.

'मावशींकडे राहून तुमची बारावी झाली, त्यामुळे फोनवर तुमच्या तोंडून नाही निघालं नाही, असंच ना?' एवढेच मी विचारले. यांचे खांदे दिसण्याइतके खाली आले. 'हो. तुला आधी विचारायला हवं होतं,' हे म्हणाले आणि पुढे ओठांवर आलेला 'पण' त्यांनी गिळला. तो गिळलेला 'पण' मी स्पष्ट पाहिला. माफीला जोडून 'पण' आला की माफी रद्द होते आणि खटला पुन्हा उभा राहतो. मग 'ती उभ्यानेही झोपेल' हे वाक्य यांनी चाचपडत पुन्हा म्हटले आणि या वेळी मला हसू आवरेना. विनोद तोच होता, ठोके तेवढे उतरले होते.

शेवटी चार दिवस आमच्याकडे आणि चार दिवस ठाण्याला दिरांकडे असे ठरले. दिरांना आधी विचारायचे आणि मावशींना ह्यांनीच फोन करायचा, हेही ठरले. मी अलिबागचा विषय काढणार होते, पण एका बैठकीत एकच विषय घ्यायचा असल्यामुळे तो रविवारी अकरा वाजता, चहानंतर घ्यायचे ठरले आहे. हे त्याची तयारी करत आहेत, असा मला दाट संशय आहे.