स्वतःचे पाय पुसण्याचं बिल

‘‘ट्रायपॉड तुमचा, पाय तुमचे, सावली तुमची. आणि ते पुसायचे पैसे सोसायटीने द्यायचे?’’

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या खजिनदारांनी माझ्या बिलाच्या शेवटच्या ओळीभोवती लाल पेनने गोल काढून हे विचारलं. ओळ साधी होती : ‘तळाचं काम, १,५०० रुपये’. ‘‘प्लंबर काम झाल्यावर आपली पिशवी उचलून नेतो, त्याचे वेगळे पैसे लावतो का?’’ यावर कमिटीतले बाकीचे हसले. मीही हसलो, कारण चेक अजून त्यांच्याकडेच होता.

काम पोडियमवरच्या बागेच्या ३६० अंशी फोटोचं होतं. लग्नाकार्याला जागा भाड्याने द्यायची, तर लोकांना मोबाइलवर गोल फिरून सगळं बघता यावं. त्यासाठी फिशआय लेन्सने चारी दिशांना चार फोटो काढायचे, एक आभाळाचा काढायचा आणि ते एकमेकांना जोडायचे. पंचाईत पायाखाली असते. कॅमेरा ज्यावर उभा आहे तो ट्रायपॉडही फोटोत येतो, आणि बघणाऱ्याने मान खाली घातली की बागेच्या मधोमध तीन काळे पाय फाकवून बसलेलं काहीतरी दिसतं.

ते किती जागा खातं, याचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा दीड मीटर उंचावर आणि ट्रायपॉडचे पाय एक मीटर व्यासाच्या वर्तुळात, म्हणजे सरळ खालच्या बिंदूपासून सगळीकडे साधारण १८ अंश. जोडून तयार झालेला फोटो १२,००० बाय ६,००० पिक्सेलचा असेल, तर त्याच्या तळाची ६०० पिक्सेलची पट्टी. पट्टी म्हणायला सोपं, पण भिंतीवरच्या जगाच्या नकाशात अंटार्क्टिका जशी तळाला आडवी ताणलेली असते, तशी ही जमीन ताणलेली असते. सगळ्यात खालच्या ओळीतले १२,००० पिक्सेल प्रत्यक्षात एकाच बिंदूचे असतात. तिथे कोणी हौसेने शेजारचा तुकडा उचलून चिकटवणारा क्लोनचा ब्रश फिरवला, तर फोटो चपटा असेपर्यंत छान दिसतो. गोल फिरवून खाली बघितलं की सगळं एका भोवऱ्यात पिळून निघालेलं. म्हणून आधी या गोलाची घनाच्या सहा बाजूंवर मांडणी करतात आणि फक्त खालची बाजू उघडतात. मग समोर येतो पोडियमच्या जमिनीचा तीन मीटर बाय तीन मीटरचा चौकोन, वरून बघितल्यासारखा. वाकडी झालेली प्रत्येक रेघ सरळ, एक फुटी पार्किंग टाइल्सच्या दहा ओळी आणि मधल्या तीन-चार ओळींवर माझा ट्रायपॉड. हे पहिल्यांदा बघितलं की माणूस लहान मुलासारखा खूश होतो. खजिनदारांना दाखवायला हवं होतं. नाही, नको, बरं झालं नाही दाखवलं.

पण झाकलेल्या टाइल्सच्या जागी टाइल्स आणायच्या कुठून? तर खऱ्याच आणायच्या. चारी बाजूंचे फोटो झाले की ट्रायपॉड मीटरभर मागे ओढायचा, दोन पायांवर पुढे कलवायचा, म्हणजे कॅमेरा साधारण जुन्या जागेवर लोंबकळतो, आणि मोकळ्या झालेल्या जमिनीचा आणखी एक फोटो काढायचा. एक्सपोजर, फोकस, काही बदलायचं नाही. दोन्ही हात ट्रायपॉड सांभाळण्यात अडकलेले, म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावायचा.

त्या दहा सेकंदांतच काकांचा प्रवेश झाला.

खरं तर काका आधीपासून होते. सफेद लेंगा, चेकचा हाफ शर्ट, आणि ज्या खांबामागे मी त्यांना उभं राहायची विनंती केली होती त्या खांबाच्या बरोब्बर पुढे. ‘‘खांबामागे कशाला? मी इथला मेंबर आहे,’’ असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मी ट्रायपॉड मागे ओढताना ते जवळ आले.

‘‘झालं?’’

‘‘नाही काका. आता जिथे ट्रायपॉड होता त्या जागेचा फोटो.’’

‘‘म्हणजे ही जागा पाहिजे तुम्हाला.’’

‘‘हो.’’

‘‘मोकळी?’’

‘‘एकदम मोकळी.’’

काका दोन पावलं पुढे आले आणि त्या जागेवर उभे राहिले. ‘‘काढा. मी असताना कोणी येत नाही इथे.’’

‘‘काका, पण तुम्ही उभे आहात ना!’’

‘‘म्हणून तर कोणी येत नाही.’’

यातला तर्क बिनतोड होता. मी म्हटलं, ‘‘मला खालची जमीन दिसायला हवी. तुम्ही नको, क्रिकेटवाली पोरं नको, कोणीच नको.’’ काकांनी मान डोलावली. कळलं, अशी ती मान होती. बाजूला झाले. मी ट्रायपॉड कलवला, बटण दाबलं, टायमर टिकटिकायला लागला. काकांनी खिशातून रुमाल काढला, झटकला, टाइल्सच्या मधोमध अंथरला आणि चारी कोपरे बोटाने दाबून नीट केले. खचाक.

‘‘पस्तीस वर्षं ठाणे-व्हीटी केलंय,’’ ते उठत म्हणाले. ‘‘रुमाल टाकला की जागा आपली. कोणाच्या बापाची हिंमत नाही.’’

मी ट्रायपॉड टेकवून रुमाल उचलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नवखा प्रवासी बघावा तसं. ‘‘उचललात? गेली आता जागा.’’ मी पुन्हा कलवलं, पुन्हा टायमर, आणि काकांनी माझ्यावर दया येऊन पुन्हा रुमाल अंथरला. या वेळी घडी उलगडून मोठा. तेवढ्यात हळदीच्या मांडवाची माणसं लिफ्टमधून हिरवं कार्पेट घेऊन आली आणि कोणाला काही न विचारता, रुमालाला वळसा घालून, सगळ्या टाइल्सवर पसरून मोकळी झाली. ‘‘बघा, जागा वाचली की नाही?’’ काका म्हणाले. पोडियमवर तेव्हा एकच गोष्ट उघडी होती. रुमाल.

आता घरचं काम. खजिनदारांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा.

रुमालवाला फोटो वेगळ्या जागेवरून घेतलेला असतो, म्हणून तो बाकीच्यांवर आपोआप बसत नाही. फोटो जोडायच्या PTGui या प्रोग्राममध्ये त्या एका फोटोपुरतं `Viewpoint` सुरू करायचं. मग प्रोग्राम असं धरून चालतो की दिसतंय ते सगळं एकाच सपाट पातळीवर आहे, आणि तेवढ्या फोटोला तिरकं-सरळ ताणून जागेवर आणतो. जमीन सपाट असते म्हणून हे जमतं. त्यामुळे जुळणीचे बिंदू फक्त जमिनीवर द्यायचे, टाइल्सच्या कोपऱ्यांवर, मधल्या जागेच्या चारी बाजूंना पसरून. एखादा बिंदू कुंडीच्या काठावर गेला की अख्खी जमीन त्या कुंडीसाठी वाकते. चुकलंय हे ओळखायला सांध्याच्या रेघा बघायच्या. एका टाइलचा सांधा पुढच्या टाइलपाशी पायरी उतरल्यासारखा दिसला, की एखादा बिंदू उंचावर बसलाय.

मग जुन्या फोटोंतला ट्रायपॉड मास्क करून झाकायचा, नव्यात फक्त मधली जमीन ठेवायची. इथे सावली आडवी येते. ट्रायपॉड गेला, त्याची सावली मात्र राहिली. ठिगळाच्या कडेला ती मधूनच सुरू होते, कोणाचीच नसलेली. ऊन ४५ अंशांवर असेल तर दीड मीटर उंच कॅमेऱ्याची सावली दीड मीटर लांब पडते, म्हणजे त्या खालच्या चौकोनात जेमतेम मावते आणि सगळीच काढता येते. सूर्य आणखी कलला की ती चौकोनाबाहेर पळते आणि झाडाच्या आळ्यावर चढते. आळं सपाट नाही. मग ती हातानेच पुसायची.

आणि आता मधोमध रुमाल. दीड टाइल झाकणारा, निळ्या काठाचा, अत्यंत नीट जुळलेला.

तिथे दुसऱ्या टाइल्स उचलून बसवण्याला पर्याय नव्हता. सगळ्या टाइल्स सारख्याच, असं वाटतं ना? या टाइल्सवर घसरू नये म्हणून उठावाच्या गोल टिकल्या होत्या. शेजारची टाइल घेतली तर तिच्यावरचा पानाचा डाग दोनदा दिसतो, आणि माणसाचा डोळा जुळे डाग लगेच पकडतो. डाग लपवायला टाइल उलटी फिरवली, तर टिकल्यांचं ऊन उलट्या बाजूला जातं आणि टिकल्यांचे खड्डे होतात. चौकोनाच्या कडेची टाइल आणली, तर ती कॅमेऱ्याने तिरकी बघितलेली असते, टिकल्यांच्या कडा दिसतात, रेघही मऊ. मधे आणून ठेवली की ती टाइल कलंडल्यासारखी वाटते. म्हणून ट्रायपॉडच्या वर्तुळालगतच्या, मधल्या बिंदूपासून अर्धा ते पाऊण मीटरवरच्या, त्याच दिशेने ऊन खाणाऱ्या, बिनडागाच्या टाइल्स शोधायच्या. सांध्यातली माती वेगळी रंगवायची. चौकोनाच्या कडेला ब्रश लागू द्यायचा नाही, नाहीतर घन परत गोल करताना बागेत चौकटीची रेघ उमटते. मग गोल करून, मान खाली घालून, मोबाइल हळूहळू फिरवत बघायचं. काही दिसलं नाही, तर जमलं.

काही दिसलं नाही यातच माझी गोची आहे. फुलं दिसली, कारंजं दिसलं, सेल्फी पॉइंटची पंखवाली भिंत दिसली, त्यांचे पैसे मिळाले. जिथे माझी रात्र गेली तिथे टाइल्स दिसल्या, आणि टाइल्स तर सोसायटीच्याच. ‘‘यात तुम्ही केलंत काय? आमची जमीन आहे तशी आहे,’’ खजिनदार म्हणाले. मी मूळ फोटो उघडून दाखवला, ट्रायपॉडसकट. ‘‘म्हणजे आधी बिघडवलंत,’’ ते म्हणाले. लाल गोलाच्या आत लाल फुली आली. असल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, आणि पावसाळ्यात याच कमिटीकडे क्लब हाउसचं काम निघणार आहे, म्हणून मी वाद घातलाही नाही.

काकांनी मात्र पॅनोरमा मन लावून बघितला. सरळ खाली गेले, दोन बोटांनी मोठं केलं, इकडेतिकडे फिरवलं.

‘‘रुमाल कुठाय?’’

‘‘काढला, काका.’’

‘‘मग आता ही जागा कोणाची, कसं कळणार?’’

अध्यक्षांना ते पटलं. जागा सोसायटीची आहे हे कळलं पाहिजे, असं सर्वानुमते ठरलं, आणि बरोबर त्या मधल्या टाइल्सवर, माझ्या खऱ्या उन्हातल्या, जोडून बसवलेल्या टिकल्यांवर, सोसायटीचं गोल बोधचिन्ह चिकटवून हवं आहे. एवढं मोठं, की त्याखाली अख्खा ट्रायपॉड मावला असता. त्याचे वेगळे पैसे नाहीत म्हणाले, ते तळाच्याच कामात धरा.