बापूंची सही खरी ठरवण्याचे सोपे उपाय

आपल्या घरच्या पेटीत, शाळेच्या कपाटात किंवा गावच्या वाचनालयात एखादे जुने पत्र सापडले आणि त्याखाली महात्मा गांधींची सही दिसली, तर सर्वांत आधी हार आणावा. भिंग नंतर आणले तरी चालते, आणि न आणले तर त्याहून बरे. आमच्या वर्धा जिल्ह्यात अशी पत्रे सापडायचीच, कारण बापू १९३६ पासून सेगावला राहायला आले आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येकाच्या आजोबांनी त्यांना पाहिलेले आहे. ज्यांच्या आजोबांनी पाहिले नाही, त्यांच्या आजोबांना पत्र आले होते.

मूळ कागद मागू नये. मोबाइलवर आलेला फोटो पुरतो.

पत्रातला मजकूर बरोबर असला की सहीही बरोबर, असे धरून चालावे. पत्राच्या माथ्यावर ‘सेवाग्राम’ नसून ‘सेगाव’ आहे आणि साल १९३८ आहे, हा तर बिनतोड पुरावा होय, कारण शेगावशी गोंधळ होऊन टपाल तिकडे जाई म्हणून गावाचे नाव १९४० मध्ये बदलले, हे नकली पत्र करणाऱ्याला कुठून ठाऊक असणार? बापूंची पत्रे शंभर खंडांत छापलेली आहेत आणि त्यांतून मजकूर, स्थळ व तारीख जशीच्या तशी उतरवून घेता येते, ही माहिती त्याच्यापासून लपवून ठेवलेली आहे, असे समजावे.

शाई तपकिरी असली की सही जुनी, हे सूत्र पाठ करून ठेवावे. त्या काळच्या निळ्या-काळ्या शाईत मायफळाचा अर्क आणि लोहाचा क्षार असे. ती शाई लिहिल्यावर काळी पडते आणि पुढे वर्षानुवर्षांनी तपकिरी होते, इतके खरे आहे. परंतु साधी निळी शाईही तेव्हा मिळत होती आणि ती तपकिरी न होता नुसती फिकी पडते, तसेच तपकिरी शाईची बाटली आजही विकत मिळते, असल्या बारकाव्यांत शिरून कार्यक्रमाचा विचका करू नये. मायफळाची शाई कागदात मुरते आणि जाड रेघांची छाया पुष्कळदा पाठीमागे उमटते, तेव्हा कागद उलटून पाहण्याची खोड असेल तर ती सोडून द्यावी.

आता ताडून पाहण्याचा उपाय. हा मला नुकताच शिकायला मिळाला.

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाने, ज्याचे नाव मी घेणार नाही, मला बोलावले. टेबलावर दोन वस्तू होत्या: चार ओळींचे हिंदी पत्र आणि बापूंचे एक छायाचित्र. दोन्हींवर ‘बापुके आशीर्वाद’ असे लिहिलेले होते. समितीचे एक सदस्य मला म्हणाले, “गुरुजी, पाहून घ्या अन् खरी हाय म्हणून लिहून द्या. आमच्या आज्याले खुद बापूनं देल्ली. अन् दोन्ही सह्या पाहा ना, एकदम सारख्या हायेत!”

सारख्या होत्याच. मी पत्र खिडकीच्या काचेला लावले, त्यावर त्या छायाचित्रातल्या सहीचा पातळ कागदावर उतरवलेला ठसा धरला आणि दोन्ही जुळवल्या. ‘आशीर्वाद’मधल्या दुसऱ्या वेलांटीचा फाटा, रफाराचा कल, दोन शब्दांमधले अंतर, सगळे केसाइतकेही न चुकता एकावर एक बसले. समितीने टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात मात्र गोळा आला, कारण माणसाच्या दोन खऱ्या सह्या अशा एकावर एक कधीच बसत नाहीत. तुम्ही स्वतः बँकेच्या फॉर्मवर लागोपाठ तीन सह्या करा आणि खिडकीला लावून पाहा. वळण तेच असेल, माप आणि अंतर दर वेळी थोडे हलेल. तंतोतंत जुळणाऱ्या दोन सह्यांपैकी एक तरी गिरवलेली असते, आणि कित्येकदा दोन्ही कुठल्या तरी छापील तिसरीवरून गिरवलेल्या असतात.

कोणती गिरवलेली, हे रेघ सांगते. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली उगवत्या उन्हाच्या तिरप्या प्रकाशात मी ते पत्र धरले. रोज सही करणाऱ्या हाताची रेघ कशी असायला हवी ते आधी आठवा: टाक कागदाला टेकण्याआधीच हात निघालेला असतो, म्हणून सुरुवात निमुळती आणि शेवटही निमुळता, खाली येताना दाब वाढून निबेचे दोन पाय फाकतात आणि रेघेच्या दोन्ही कडा गडद होतात, वर जाताना ती बारीक होते. या पत्रातली रेघ आरंभापासून शेवटापर्यंत एकाच जाडीची होती. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला शाईचा गोल ठिपका होता, म्हणजे टाक ठेवून, थांबून मग हात चालवलेला. ‘पु’च्या उकारात मध्येच टाक उचलून पुन्हा जोडल्याचा सांधा दिसत होता. छायाचित्रावरही तेच ठिपके, तोच सांधा.

“बापू म्हातारे होते, हात थरथरत असंल,” असे उत्तर आले. १९३८ मध्ये ते अडुसष्ट-एकोणसत्तर वर्षांचे होते, हे कबूल. म्हाताऱ्या हाताचा कंप मात्र अक्षराचा आकारही बिघडवतो. इथे आकार अगदी घोटीव आणि कंप फक्त रेघेत, जसा पाटीवर पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्या पोराचा असतो. मग दुसरे उत्तर आले: “डाव्या हातानं केली असंल.” उजवा हात दुखला की बापू डाव्याने लिहीत, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून जी सही कशाशीच जुळत नाही ती डाव्या हाताची असते. ही मात्र छायाचित्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळत होती!

शेवटी मी घडी दाखवली. सहीतला ‘वा’ पत्राच्या घडीवरून जात होता आणि घडीवर शाई दोन्ही बाजूंना फुटून पसरली होती, कारण घडीने कागदाचे तंतू आधीच तुटलेले होते. सपाट कागदावर सही करून नंतर घडी घातली, तर शाई अशी पसरत नाही. घडी घातलेल्या कागदावरही कोणी सही करू शकतो, म्हणून एवढ्यावरून मी निकाल देणार नव्हतो. पत्राचे अक्षर सहीच्या वळणाचे नव्हते, यालाही मी आक्षेप घेतला नाही, कारण बापूंचे सचिव महादेवभाई किंवा प्यारेलाल मजकूर लिहीत आणि बापू सही करीत. पण ठिपके, सांधा, एकसारखा दाब, तंतोतंत जुळणी आणि वर ही घडी, एवढे सगळे एका कागदावर आले, तेव्हा मी ‘खरी’ असे लिहून देणार नाही म्हणालो, आणि दोन्ही वस्तू हस्ताक्षर तपासणाऱ्या जाणकाराकडे न्या असे सुचवले.

त्यांनी काय केले? दोन दिवसांनी त्यांनी दोन्हींना गरम प्लास्टिक चढवून आणले, “खराब होऊ नये म्हणून”! चौकटीत बसवून, खाली माझे नाव घालून, ‘तज्ज्ञांनी पाहिलेले’ अशी पाटी लावली. अरे, मी पाहिले होते, खरे म्हटले नव्हते! त्या प्लास्टिकवर आता भिंग धरले तर उजेड चमकतो, दाबाची खोच लागत नाही, कागदाची पाठ बंद झाली, घडी सपाट झाली. तुमच्या आजोबांकडे खरोखरच बापूंचे एखादे पत्र आले असेल आणि ते अजून पेटीच्या तळाशी असेल, तर त्याचेही तुम्ही हेच करणार. पाटीवरचे माझे नाव आजच्या आज खोडा. आणि आता शहाणपण सुचून ते प्लास्टिक ओढून काढायला जाऊ नका. त्याबरोबर शाईची सालच निघून येईल.